दिल्लीत मदतनीस ठेवताय? आधी घड्याळ लावा

बदलीवर दिल्लीत आलात की दुसऱ्या दिवशी गेटवरचा गार्ड विचारतो, 'मेड चाहिए?' लगेच दरही सांगतो: झाडू-पोछा इतके, बर्तन इतके, खाना इतके. हा कामाच्या नावाचा दर आहे. त्यात वेळ किती ते कुणी बोलत नाही आणि नंतरची सगळी भांडणं तिथूनच निघतात. 'बर्तन' म्हणजे एका वेळची की दोन वेळची? स्वयंपाकवालीनं वापरलेली कढई आणि कुकर त्यात धरायचे का? डस्टिंग आणि गॅलरी धुणं झाडू-पोछ्यात येतं की वेगळं?

म्हणून आधी तास मोजा. समजा मयूर विहारमध्ये दोन बेडरूमचं घर आहे आणि चार माणसं. झाडू-पोछ्याला ४५ मिनिटं, भांड्यांना सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास. एकूण पावणेदोन तास. महिन्याचे २६ दिवस धरले, तर साडेपंचेचाळीस तास होतात.

आता तासाचा भाव. दिल्ली सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून ठरवलेलं किमान वेतन अकुशल कामगाराला महिना १८,४५६ रुपये आणि कुशल कामगाराला २२,४११ रुपये होतं. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तासांनी भागा. अकुशलला तासाला सुमारे ८९ रुपये येतात, कुशलला १०८. हे दर साधारण दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात, तेव्हा ताजा आकडा कामगार विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. घरकामाला हा कायदा लागतो की नाही या वादात मी शिरत नाही. मोजपट्टी म्हणून तो पुरेसा आहे.

८९ गुणिले साडेपंचेचाळीस म्हणजे सुमारे ४,०५०. पण इथेच थांबू नका. आठ तासांच्या नोकरीत जेवणाची सुट्टी असते, एकच ठिकाण असतं. ही बाई चार घरांत फिरते, मधला वेळ तिचा फुकट जातो आणि तुमच्याकडे ती दिवसातून दोनदा येते. मी त्यासाठी १५ टक्के वाढवते. झाले ४,६५० ते ४,७००.

स्वयंपाकाला तुमच्या घरी सकाळी डब्यासह सव्वा तास आणि संध्याकाळी एक तास लागतो असं धरा. महिन्याचे साडेअठ्ठावन्न तास. पोळ्या, भाजी, वरण चवीनं करणं हे कौशल्याचं काम, म्हणून कुशल दर लावा: सुमारे ६,३००, वर १५ टक्के म्हणजे सव्वासात हजारांच्या आसपास.

हा झाला तुमचा खालचा आकडा. मग त्याच ब्लॉकमधल्या तीन घरांत विचारा, पण दर विचारताना 'किती वेळ, किती माणसं, सुट्ट्या किती' हेही विचारा आणि तासाला किती पडतात ते काढा. गार्डच्या दरावर भरवसा ठेवू नका. काही ठिकाणी काम मिळवून देण्याचं कमिशन तो बाईकडूनच घेतो. बाजारभाव तुमच्या हिशेबापेक्षा जास्त निघाला तर बाजारभाव द्या, कमी निघाला तर हिशेबाचा आकडा. २०२५ मध्ये हरियाणा आणि उत्तर प्रदेशाचं किमान वेतन दिल्लीपेक्षा कमी होतं, म्हणून गुरुग्राम-नोएडात ते हाताशी धरून घासाघीस करायचा मोह होईल. तिथल्या मोठ्या सोसायट्यांत दर चढे असतात, त्यामुळे तिथेही दिल्लीचीच पट्टी लावा.

खरी गळती पगारानंतर होते. पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात. त्या दिवसाचे जादा पैसे आधीच ठरवा. महिन्याच्या चार सुट्ट्या पगारी धरा. त्यावर खाडा झाला तर पगाराला २६ नं भागून कापा, पण जादा दिवस आली तर तेच २६ वापरा. कापताना २६ आणि देताना ३० हा हिशेब अनेक घरांत चालतो आणि बाईला तो लगेच कळतो. तुम्ही महिनाभर पुण्याला गेलात तर पगार द्यायचा का, हेही पहिल्याच दिवशी बोला. मी देते, नाहीतर परतल्यावर ती दुसऱ्या घरी लागलेली असते. दिवाळीला एक पगार बोनस आणि छठ किंवा ईदला गावी जायची रजा इथे धरूनच चालावं लागतं. ॲडव्हान्स दिलात तर हप्ता वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या.

कागद मोजकेच: आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता. त्यावर दिल्ली पोलिसांकडे पडताळणी ऑनलाइन किंवा ठाण्यात होते, शुल्क नाही. 'मी करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला वाटेला लावा.

राहती बाई एजन्सीकडून घेणार असाल तर परवाना दाखवायला सांगा. दिल्लीत २०१४ च्या आदेशानं एजन्सीला तो लागतो. कमिशन किती, बाई सोडून गेली तर बदली किती वेळा, हे लिहून घ्या. आणि पगार एजन्सीच्या हातात देऊ नका, थेट तिच्या खात्यात भरा. खातं नसेल तर आधी बँकेत तिच्याबरोबर जा.