गडगडाटाच्या रात्री मुलासाठी गाणे

विजांचा खरा जोर भर आषाढात नसतो. तो मृगाच्या सुरुवातीला आणि पुढे हस्ताच्या परतीच्या पावसात असतो. अशा रात्री दोन ते सहा वर्षांची मुले दचकून उठतात. या वयात मोठ्या आवाजाला भिणे हा आजार नव्हे. हळू आवाजातल्या गाण्याने ही भीती बरीच ओसरते. पण ते म्हणण्याची एक रीत आहे.

समजा, चार वर्षांची मुलगी रात्री अकराला किंचाळून उठली. वर पत्र्याचे छप्पर, घरातले दिवे गेलेले. तिला खिडकीपासून दूर मांडीवर घ्यावे आणि तिची पाठ आपल्या छातीला टेकवावी. पावसाच्या आवाजावर मात करायला जाऊ नये. खालच्या पट्टीत, कानाशी म्हणावे, म्हणजे छातीतला कंप तिच्या पाठीला जाणवतो. शब्द साधे, घरचेच हवेत. उदाहरणार्थ:

पत्र्यावर पाणी, अंगणात पाणी,
आईच्या कुशीत निजली राणी.

सुरुवातीला तिचा श्वास भरभर चालतो, तेव्हा थोपटणेही त्याच लयीत ठेवावे. मग दर दोन-तीन फेऱ्यांनी लय थोडी उतरवावी. ‘राणी’ शब्द लांबवावा आणि तिलाही सोबत ‘हूं’ करायला सांगावे. सूर लांबला की उच्छ्वास लांबतो आणि धडधड कमी होते. गडगडाट झाला तरी गाणे मध्येच तोडू नये. मोठे माणूस दचकून थांबले की मुलाला धोका खरा वाटतो.

मुलगी थोडी सावरली की वीज चमकताच ओळ सुरू करावी. संथ म्हटलेल्या एका ओळीला साधारण सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आवाज सुमारे दोन किलोमीटर येतो. आधी एका ओळीनंतर येणारा गडगडाट पुढे तीन ओळींनंतर येऊ लागला, तर वीज लांब चालली आहे. हे मुलीला स्वतःच्या कानांनी कळते. नुसत्या ‘भिऊ नकोस’ने ते कळत नाही. गडगडाट जवळ येत असेल, तर मात्र हा खेळ सोडून नुसते गुणगुणावे.

आवळलेली मूठ सुटली, खांदे सैल पडले, की गाणे लागू पडले असे समजावे. मूल कान झाकत असेल, तर गाणेही त्याला जड होते आहे. तेव्हा फक्त थोपटावे. टाळ्या-उड्यांची गाणी या वेळी नकोत आणि बागुलबुवाची तर मुळीच नकोत.

हे गाणे कोरड्या रात्रीही झोपताना रोज म्हणावे. वादळातच पहिल्यांदा ऐकलेले गाणे मुलाला पुढे वादळाचीच आठवण देते. नुसते ढग पाहून मूल शाळेत जायला नकार देऊ लागले, किंवा ही भीती सहा महिन्यांनंतरही कमी होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.