वाशिम जिल्हा कोणत्या सालच्या नकाशात असतो?

मित्रांनो, आपल्या लायब्ररीतल्या रेफरन्स सेक्शनकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिथली पुस्तकं होस्टेलवर नेता येत नाहीत, हे त्याचं मोठं कारण! या सत्रात आपल्या ग्रंथपाल मॅडमनी प्रोजेक्ट ग्रुप्ससाठी तासाभराचं व्याख्यान दिलं. विषय होता, अ‍ॅटलास, अल्मनॅक आणि इयरबुक वापरून भौगोलिक माहिती कशी तपासायची. विषय रुक्ष वाटतो, पण मॅडमनी सगळा तास आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यावर घेतला, त्यामुळे कोणी डुलकी काढली नाही. जे आले नव्हते त्यांच्यासाठी हा लेख.

मॅडमनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली सुमारे २२ लाख आणि २००१ साली १६,३०,२३९. मग म्हणाल्या, "पाणीपुरवठा योजनेसाठी २०३१ ची लोकसंख्या काढा." सिव्हिलवाल्यांनी लगेच अरिथमेटिक इन्क्रीज मेथड लावली. दर दहा वर्षांनी सहा लाख कमी, म्हणजे तीस वर्षांत अकोला रिकामं! मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सहा लाख लोकं गेले कुठं?"

"कुठं नाही गेले बाप्पा, आपापल्या घरीच आहेत. जिल्हा गेला," मॅडम म्हणाल्या.

१ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके तिकडे गेले. २००१ ला या नव्या जिल्ह्याची लोकसंख्या १०,२०,२१६ होती. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज केली तर २६,५०,४५५ येते. म्हणजे जुन्या अकोला जिल्ह्याच्या हद्दीत लोकसंख्या घटली नाही, उलट दहा वर्षांत जवळजवळ २० टक्क्यांनी वाढली. फळ्यावरचे दोन्ही आकडे खरे होते. फक्त नाव एक असलं तरी ते दोन वेगवेगळ्या हद्दींचे आकडे होते.

ही चूक निदान डोळ्यात भरते. खरी घातक चूक गुपचूप होते. जुना अकोला जिल्हा सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटरचा होता, आताचा त्याच्या निम्म्याहून जरासा मोठा, सुमारे ५,४०० चौ. कि. मी. आहे. कोणी क्षेत्रफळ जुन्या अ‍ॅटलासमधून घेतलं आणि लोकसंख्या नव्या इयरबुकातून, तर घनता दर चौरस किलोमीटरला १५५ च्या आसपास येते. प्रत्यक्षात २००१ ला ती सुमारे ३०० होती. १५५ हा आकडा बघून कोणालाही संशय येत नाही, आणि तो तसाच रिपोर्टमध्ये बाइंड होतो. म्हणून मॅडमनी सांगितलेली पहिली तपासणी अशी: छापील लोकसंख्येला छापील क्षेत्रफळाने भागा आणि उत्तर छापील घनतेशी जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर तक्त्याच्या दोन रकान्यांत दोन वेगळ्या काळांची माहिती आहे असं समजा.

मग एकाने विचारलं, "मॅडम, सगळ्यात नवीन पुस्तक घेतलं की झालं ना?" इथेच पब्लिकेशन लॅगचा मुद्दा आला. पुस्तकाच्या कव्हरवरचं साल आणि आतल्या माहितीचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ च्या जनगणनेचा क्षण होता १ मार्च २००१. तात्पुरते आकडे लवकर येतात, अंतिम तक्ते मागाहून येतात, त्यानंतर इयरबुकवाले ते उचलतात. २०११ ला अकोल्याचा तात्पुरता आकडा १८,१८,६१७ होता आणि अंतिम १८,१३,९०६. दोन इयरबुकांत असा फरक दिसला तर एकाने छपाईत चूक केली असं नसतं. एक लवकर छापलेलं असतं आणि दुसरं उशिरा. पुढे २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. त्यामुळे २०१५ चं इयरबुक घ्या की २०२४ चं, जिल्ह्याची मोजलेली लोकसंख्या २०११ चीच. कव्हर दरवर्षी नवीन, आतला आकडा तोच!

अल्मनॅकची गंमत वेगळी. १८६८ साली सुरू झालेलं वर्ल्ड अल्मनॅक घ्या किंवा आपल्या घरचं पंचांग घ्या, ते वर्ष सुरू होण्याआधीच छापून येतं. सूर्योदय आणि ग्रहणं गणिताने काढतात, म्हणून ती पुढच्या वर्षाची असूनही बरोबर असतात. पण त्याच अल्मनॅकमधली देशांची आणि शहरांची पानं मात्र मागच्या काळातली असतात. एकाच पुस्तकात काही पानं पुढे बघतात आणि काही मागे.

अ‍ॅटलासचं दुखणं त्याहून जुनाट. नकाशा नव्याने काढणं खर्चिक, म्हणून जुन्याच नकाशाचं पुनर्मुद्रण होत राहतं. त्यामुळे शीर्षकामागच्या पानावर "पुनर्मुद्रण" लिहिलंय की "सुधारित आवृत्ती" ते आधी बघायचं. पहिल्या प्रकारात फक्त कागद नवा असतो. तेवढ्यावरही भागत नसेल तर नकाशालाच त्याचं वय विचारायचं. महाराष्ट्रात गडचिरोली आहे पण वाशिम नाही, तर नकाशातली माहिती १९८२ ते १९९८ मधली. वाशिम आहे पण गोंदिया नाही, तर जुलै १९९८ ते एप्रिल १९९९ मधली. पालघर आहे, तर ऑगस्ट २०१४ नंतरची. अमरावती-अकोला रस्त्यावर राष्ट्रीय महामार्ग ६ लिहिलंय, तर क्रमांक २०१० च्या फेरबदलाआधीचे. आता तो ५३ आहे, आपण बोलताना अजून सिक्सच म्हणतो ते सोडा.

यात एक फसवा सापळा आहे. वऱ्हाडच्या १९०५ पूर्वीच्या नकाशात बासिम नावाचा जिल्हा दिसतो. बासिम म्हणजेच वाशिम! १९०५ च्या फेररचनेत तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. त्याच वेळी एलिचपूर, म्हणजे अचलपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. म्हणून अकोला जिल्ह्याच्या १९१० आणि १९७७ च्या गॅझेटिअरमध्ये वाशिम अकोल्यातच सापडतं. वाशिम दिसला म्हणून नकाशा नवा, असं धरून चालत नाही. पुसद कुठे दाखवलंय ते बघायचं. ते वाशिमच्या हद्दीत असेल तर नकाशा शंभर वर्षांपूर्वीचा.

शेवटी प्रश्न आला, मग खरं मानायचं कोणाला? मॅडमचं उत्तर सरळ होतं. जिल्हा कधी झाला हे राजपत्रातली अधिसूचना ठरवते, लोकसंख्या जनगणनेची पुस्तिका ठरवते. मधल्या काळासाठी राज्य शासनाचं "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" बघायचं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हे नाव मला दोनदा वाचावं लागलं, पण आत तालुकावार तक्ते आहेत.) त्यातही प्रत्येक तक्त्याचं संदर्भ वर्ष वेगळं असू शकतं, ते तक्त्याच्या डोक्यावर किंवा तळाशी बघायचं. इयरबुक आणि अ‍ॅटलास आपल्याला तिथपर्यंत नेणारे वाटाडे आहेत.

दोन इयरबुकांत एकच आकडा असला तर माहिती पक्की, असंही समजू नका. दोघांनी एकाच जनगणनेतून उचललं असेल, तर तो साक्षीदार एकच.

तेव्हा रिपोर्टमध्ये नुसतं "अकोला जिल्हा, लोकसंख्या १६.३ लाख" लिहू नका. "वाशिम वगळून, जनगणना २००१" एवढे चार शब्द पुढे जोडा. व्हायवाला एक्स्टर्नल अकोल्याचे निघाले, तर ते हेच विचारतील.