कोपऱ्यात बोट आलं? फोटो टाकू नका, आधी हिशोब करा



आजच्या व्हिडिओतला क्रॉपिंगचा भाग बऱ्याच जणांना आकड्यांसकट हवा असतो, म्हणून तो इथे लिहून देतोय. फोन हातात ठेवा आणि वाचता वाचता करून बघा.

समजा, तुमच्या बचत गटाला एका ऑफिसची दिवाळी फराळाची 40 डब्यांची ऑर्डर मिळाली. डबे टेबलावर मांडले, फोटो काढला, डबे रवाना झाले. संध्याकाळी फोटो उघडून बघता, तर उजव्या वरच्या कोपऱ्यात गुलाबीसर धुरकट डाग. बोट लेन्ससमोर आलं होतं. बाकी फोटो झकास आहे, पण डबे गेलेत, तो परत काढता येणार नाही. पुढच्या ऑर्डरी मिळवायला हाच फोटो पॅम्फ्लेटवर आणि इन्स्टाग्रामवर हवाय. मग कोपरा कापायचा. पण मनात भीती असते: कापला तर क्वालिटी जाईल का?

कापल्यावर नक्की काय कमी होतं?

फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. फोन 50 मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीच्या सेटिंगला बरेचसे फोन साधारण 12 मेगापिक्सेलचाच फोटो साठवतात. म्हणजे आडव्या बाजूला 4000 आणि उभ्या बाजूला 3000 पिक्सेल, आकडा थोडा मागेपुढे. तुमच्या फोटोचा आकडा गॅलरीत फोटो उघडून डिटेल्समध्ये दिसतो. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली दिसतो.

क्रॉप केलं की कडेचे पिक्सेल जातात. उरलेले होते तसेच राहतात. डब्यावरचं लेबल आधी जितकं स्पष्ट होतं, तितकंच नंतरही असतं. कमी होते ती फोटो मोठा करून छापण्याची मर्यादा. म्हणून प्रश्न असा विचारायचा: उरलेले पिक्सेल माझ्या कामाला पुरतात का?

दोन बाजू नाही, एकच बाजू कापा

बोट कोपऱ्यात असलं की बरेच जण वरूनही कापतात आणि बाजूनेही. गरज नसते. कोपरा घालवायला एकच बाजू आत घेतली तरी पुरते.

आपल्या फोटोत डाग 400 पिक्सेल रुंद दिसतोय. पण बोट लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याची कड पुसट होऊन आत पसरलेली असते. म्हणून दिसणाऱ्या कडेच्या थोडं आत कापायचं. 500 पिक्सेल धरा. उजवी बाजू तेवढी आत घेतली की 3500 × 3000 उरतात, म्हणजे साडेदहा मेगापिक्सेल. बारातून दीड गेला, बस्स.

कोणती बाजू कापायची हे डबे ठरवतात. उजवीकडे रिकामं टेबल असेल तर उजवी बाजू. डबे उजव्या कडेपर्यंत आले असतील तर वरची बाजू, कारण वर बहुतेक वेळा भिंत असते. अर्धा कापलेला डबा हा बोटापेक्षा वाईट दिसतो.

आता गंमत बघा. इन्स्टाग्रामसाठी चौकोनी फोटो हवा असेल, तर 4000 × 3000 मधून जास्तीत जास्त 3000 × 3000 चा चौकोन निघतो. म्हणजे 1000 पिक्सेल तसेही जाणारच होते. डबे डावीकडे किंवा मध्यावर असतील तर चौकोन डावीकडे सरकवा, बोट फुकटात गेलं. म्हणून आधी फोटो कुठे वापरायचा ते ठरवा, मग कापा.

पुरेल का? हा हिशोब

इन्स्टाग्रामच्या पोस्टला 1080 पिक्सेल रुंदी लागते. आपल्याकडे 3000 आहेत. चिंता नको.

हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. पॅम्फ्लेटवर फोटो 5 इंच रुंद हवा असेल तर 5 × 300, म्हणजे 1500 पिक्सेल. 3000 मध्ये तो 10 इंचांपर्यंत स्वच्छ छापता येईल.

स्टॉलमागे 6 फुटांचा बॅनर लावायचा असेल तर 6 फूट म्हणजे 72 इंच. 3000 भागिले 72, म्हणजे इंचाला जेमतेम 42 पिक्सेल. रस्त्यापलीकडून चालेल, पण स्टॉलवर उभ्या गिऱ्हाइकाला डब्यावरची अक्षरं फुटलेली दिसतील. तिथे फोटो बॅनरच्या एका भागात लहान ठेवा. मात्र न कापलेला फोटोही तिथे इंचाला 55 पिक्सेलच देत होता. म्हणजे बॅनरसाठी तो आधीच अपुरा होता, दोष क्रॉपचा नाही.

गडबड कुठे होते?

पहिली गडबड म्हणजे फॉरवर्ड झालेल्या फोटोवर काम करणं. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना लहान करतं. समजा तो 1600 × 1200 चा झाला. त्यातून चौकोन निघेल 1200 चा. इन्स्टाग्रामला चालेल, पण छपाईत 4 इंचांवर संपला. म्हणून ज्या फोनवर फोटो काढला त्यावरच कापा, आणि प्रेसवाल्याला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून कापू नका, त्यात फोटोचे नाही, स्क्रीनचे पिक्सेल येतात.

दुसरी गडबड म्हणजे मूळ फोटोच घालवणं. एडिटमधून क्रॉप केल्यावर 'कॉपी सेव्ह करा' असा पर्याय असेल तर तोच घ्या. आज चौकोन लागला, उद्या आडवा लागेल.

तिसरी म्हणजे क्रॉपनंतर एखाद्या ॲपने आकडा पुन्हा 4000 करून घेणं. ॲप मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. आकडा वाढतो, पण लेबलवरचं न दिसणारं अक्षर त्याने खरं दिसू लागत नाही.

उजेडाचा डाग असेल तर

खिडकी किंवा बल्बचा उजेड थेट लेन्सवर आला की कोपऱ्यात गोल ठिपके किंवा पट्टा येतो. तो कोपऱ्यापुरताच असेल तर वरचीच पद्धत. पण कधी कधी तोच उजेड अख्ख्या फोटोवर पातळ धुक्यासारखा पसरतो. ओळखायचं कसं? फोटोतली सगळ्यात काळी वस्तू बघा, डब्याचं झाकण किंवा लेबलवरची काळी अक्षरं. ती राखाडी दिसत असतील तर कोपरा कापून धुकं जाणार नाही. माल समोर असेल तर लेन्स सुती कापडाने पुसा, उजेडाकडे पाठ करा आणि फोटो पुन्हा काढा. माल गेला असेल तर एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून बघा. त्याने फोटो सुधारतो, पण पूर्ण नाही.

आजचा गृहपाठ: गॅलरीतला बोट आलेला एक फोटो काढा. एकच बाजू कापा, कॉपी सेव्ह करा आणि उरलेला रुंदीचा आकडा बघा. त्याला 300 ने भागा. जे उत्तर येईल तितके इंच तो फोटो पॅम्फ्लेटवर बिनधास्त छापा.