कोष्टक उभे की आडवे?

गेल्या सत्रात भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी आपल्या जिल्ह्यातील भंडारदरा, निळवंडे आणि मुळा या तीन धरणांची माहिती जमवली. नदी, तालुका, प्रकार, उंची, साठवण, कालवे अशा एकूण दहा बाबी झाल्या. शिरस्त्याप्रमाणे मी धरणे ओळींत घेतली आणि बाबी रकान्यांत. तिथेच चूक झाली.

समास सोडल्यावर कागदाची रुंदी साडेसोळा सेंटिमीटर उरते. नावाचा धरून अकरा रकाने, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीडच सेंटिमीटर! मथळे उभे लिहावे लागले, तरीही शेवटचे चार रकाने पुढच्या पानावर गेले. तिथे धरणांची नावे नव्हती. तपासताना सरांनी मुळा धरणाची साठवण निळवंड्याची म्हणून वाचली. चूक वाचणाऱ्याची नव्हती, मांडणीची होती.

मग मी कोष्टक फिरवले. बाबी डावीकडे एकाखाली एक, धरणे वर. आता रकाने चारच, प्रत्येकी चार सेंटिमीटर. लांब मथळा आडवा, सरळ वाचता येतो आणि दहा ओळी एकाच पानात बसतात. त्यातील तीन ओळी अशा :

| बाब | भंडारदरा | निळवंडे | मुळा |
|---|---|---|---|
| नदी | प्रवरा | प्रवरा | मुळा |
| तालुका | अकोले | अकोले | राहुरी |
| साठवण, अब्ज घनफूट (सुमारे) | ११ | ८.३ | २६ |

भंडारदरा व निळवंडे ही दोन्ही धरणे प्रवरेवरची, म्हणून त्यांचे रकाने शेजारी ठेवले. तुलना करायची ते जवळ असावे.

या मांडणीची किंमतही आहे. एका रकान्यात आता नदीचे नाव, मीटर आणि घनफूट एकत्र येतात. म्हणून परिमाण आकड्याजवळ न लिहिता डावीकडच्या मथळ्यातच लिहावे. रकान्याची बेरीज करण्यात अर्थ उरत नाही. शिवाय आकडे एकाखाली एक असले की एकम-दशक जुळतात आणि लहानमोठे चटकन कळते. आडव्या ओळीत ही सोय नाही. तीन आकडे नजरेत मावतात, चौदा मावत नाहीत. म्हणून जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांची लोकसंख्या मांडताना तालुके ओळींतच हवेत. जनगणनेच्या पुस्तिकेत शेकडो गावे ओळींत असतात, ती याच कारणाने. रकाने समोरच्या पानावर गेले तरी तिथे दुसरा इलाज नसतो.

संगणकावर मात्र मूळ माहिती नेहमी धरणे ओळींत, बाबी रकान्यांत अशीच ठेवावी. क्रम लावणे, गाळणे, बेरीज करणे त्यामुळेच जमते. छापण्यापुरती प्रत ‘ट्रान्सपोज’ने फिरवून घ्यावी.

आता मी आखण्याआधी दोन गोष्टी पाहतो. वस्तू चार-पाचांहून अधिक होणार आहेत काय? आणि सर्वांत लांब मथळा रकान्यात आडवा बसतो काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, की बाबी ओळींत.