मानकुराद काढणीला कधी येईल? मोहोरापासूनची ऊब मोजा

पेडणे आणि डिचोलीत एकाच मानकुरादावर दोन-तीन हप्त्यांत मोहोर येतो. पहिला डिसेंबरात, दुसरा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. काढणी मात्र बहुतेक जण अंदाजाने, नाहीतर सगळ्या हप्त्यांना एकच दिवसांचा हिशेब लावून करतात. दुसऱ्या मोहोराचा आंबा त्यामुळेच फसवतो.

फळाची वाढ दिवसांवर नव्हे, मिळालेल्या उबेवर चालते. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मे करायचे आणि त्यातून पायाभूत तापमान वजा करायचे. उरतात ते त्या दिवसाचे अंश-दिवस, म्हणजे ग्रोइंग डिग्री डेज. पायाभूत तापमान म्हणजे ज्याखाली वाढ जवळजवळ थांबते ती पातळी. ऑस्ट्रेलियातले आंबा बागायतदार ती १२ अंश धरतात, आपणही तीच धरू. कमाल ३३ आणि किमान १९ असेल तर सरासरी २६, त्यातून १२ गेले, उरले १४. रोजचा आकडा आदल्या दिवसापर्यंतच्या बेरजेत मिळवत जायचे.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण इथल्या हवेला धरून आहेत. साखळीकडच्या बागेत पहिल्या हप्त्याचा निम्मा मोहोर १० डिसेंबरला फुलला. डिसेंबरात रोज १४, जानेवारीत साडेतेरा, फेब्रुवारीत साडेचौदा आणि मार्चमध्ये साडेसोळा अंश-दिवस पडले. आंबा २८ मार्चला, म्हणजे १०९व्या दिवशी पाडाला आला. बेरीज भरली सुमारे १५९५. हा झाला त्या बागेचा आकडा.

दुसरा हप्ता ५ फेब्रुवारीला निम्मा फुलला. १०९ दिवस मोजले तर काढणी २४ मेला येते. पण या फळांना थंडी फारशी लागलेलीच नाही. एप्रिल-मेमध्ये रोज १८ अंश-दिवस मिळतात. फेब्रुवारीचे ३४८, मार्चचे साधारण ५१२ आणि एप्रिलचे ५४० मिळून १४०० होतात. उरलेले १९५ मेच्या पहिल्या अकरा दिवसांत भरतात. म्हणजे काढणी ११ मेच्या सुमारास, तेरा दिवस आधी. तेवढे दिवस आंबा झाडावर राहिला तर झाडावरच पिकून गळतो, फळमाशीला आयता सापडतो आणि वळवाच्या सरींत भिजतो. मिथाईल युजेनॉलचे सापळेही याच बेरजेवर बांधता येतात. काढणीला ५०० अंश-दिवस उरले की ते झाडावर लागलेले असावेत.

मोजणी सुरू करण्याआधी प्रत्येक हप्त्याच्या काही फांद्यांना वेगळ्या रंगाची फीत बांधा. तुऱ्यावरची निम्मी फुले उमलली तो दिवस पहिला. कमाल-किमान थर्मामीटर सावलीत, वारा लागेल असा, छातीएवढ्या उंचीवर टांगा. चिऱ्याच्या भिंतीला किंवा पत्र्याखाली लावलात तर दुपारचा आकडा फुगतो. सकाळी साडेआठला वाचा. तेव्हा दिसणारे कमाल हे आदल्या दुपारचे असते, ते आदल्या दिवसाखाली लिहा. पणजीच्या वेधशाळेचे आकडे सहज मिळतात, पण समुद्राजवळची रात्र उबदार असते. मोरजी-मांद्र्याला ते बरेचसे चालतील, मये-साखळीला नाही. पूर्वेकडून तापलेला वारा सुटून पारा ३८च्या वर गेला तरी कमाल ३८च लिहा, कारण त्यापुढच्या उष्णतेने वाढीला वेग येत नाही.

या बेरजेने मोहोर कधी फुटेल ते मात्र सांगता येत नाही. आंब्याला त्यासाठी जून झालेली पालवी, कोरडी हवा आणि थंड रात्री लागतात. काजूचेही थोडेफार तसेच. वायंगणी भाताची गोष्ट वेगळी. तिथे १० अंश पाया धरून पेरणीपासून बेरीज केली तर निसवण्याचा आठवडा कळतो आणि त्या वेळी शेतात पाणी राखता येते. मात्र दिवसाच्या लांबीवर फुलणाऱ्या जुन्या जातींना हा हिशेब लागू पडत नाही.

आंब्यातही बेरीज आठवडा सांगते, तारीख नाही. कातळावरचे तहानलेले झाड किंवा फळांनी लगडलेली फांदी थोडी पुढेमागे होते. म्हणून १५०० झाले की प्रत्येक फितीची चार फळे उतरवून पाण्यात टाका. देठाजवळचे खांदे भरलेले असतील, फळ बुडत असेल आणि कापल्यावर कोयीचे कवच टणक व कोयीलगतचा गर पिवळसर दिसत असेल, तर झेला काढा. तरंगणारी फळे जास्त असतील तर चार-पाच दिवस थांबा.

पहिल्या वर्षी १५९५ हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. पहिल्या हप्त्यावरून तुमच्या बागेचा आकडा काढा, दुसऱ्या हप्त्यावर तो ताडून पाहा आणि वही पुढच्या हंगामासाठी जपून ठेवा. थर्मामीटर मात्र मोहोर फुटण्याआधीच टांगलेला हवा.