माय रोज संध्याकाळी ‘घर’ मागते, काय सांगू?

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात, आता आम्ही सगळे जळगावला राहतो. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला आहे. रोज दिवेलागणीला ती पिशवी भरते आणि म्हणते, “माले घर जानं शे.” “अण्णा कुठे?” असं वडिलांबद्दलही विचारते. गावचं घर विकलं, वडील जाऊन नऊ वर्षं झाली, हे मी रोज समजावतो. ती रडते नाहीतर चिडते. अलीकडे तर फक्त अहिराणीच बोलते. तिच्याशी बोलावं तरी कसं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : तुम्ही खरं तेच सांगता, पण ते तिच्याजवळ टिकत नाही. या आजारात बहुधा नवी आठवण साठवण्याची जागा आधी खराब होते. त्यामुळे काल सांगितलेलं आज शिल्लक नसतं आणि वडील गेल्याची बातमी तिला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळते. तिचं रडणं त्या बातमीचं आहे. म्हणून ती बातमी रोज देणं थांबवा. “अण्णा कुठे?” असं विचारलं, तर “अण्णांची आठवण आली?” एवढंच म्हणा आणि अण्णांबद्दल बोला. मात्र तिनेच “ते गेले ना?” म्हटलं, तर नाही म्हणू नका. “हो, गेले,” म्हणा आणि तिचा हात धरून बसा.

अहिराणीकडे परत जाणं हेही या आजारात दिसतं. मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते, लहानपणची जास्त टिकते. तुम्ही शाळेच्या मराठीत कारणं देता, ती तिला जड जातात. तिच्याशी अहिराणीतच बोला.

आता तुमची संध्याकाळच घेऊ. तिने पिशवी उचलली की आधी टीव्ही बंद करा. पाठीमागून हाक मारू नका. समोर या, खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. “ओळखलं का मला?” ही परीक्षा नको, आपणच सांगा : “माय, मी तुन्हा आंडोर.” मग गप्प राहा. मनात सावकाश दहा आकडे मोजा. तिला शब्द ऐकायला, जुळवायला आणि उत्तर शोधायला तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदालाच दुसरं वाक्य टाकतो आणि तिची जुळवाजुळव मोडते. पुन्हा सांगायचं झालं तर तेच शब्द त्याच क्रमाने सांगा. शब्द बदलले की तिला सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. “चहा घे, गोळी घे, मग गच्चीवर जाऊ” ही तीन कामं झाली. कप हातात देऊन फक्त “चहा पी” म्हणा. गोळीचं नंतर. निवड द्यायची तर दोनच वस्तू समोर धरा : हे लुगडं की ते?

‘घर’ म्हणताना ती बहुधा पत्ता मागत नसते. त्या वेळी गोठ्यात गुरं बांधायची, चूल पेटवायची असायची, ती लगबग अंगात उरलेली असते. “नाही” म्हणण्याऐवजी “गाय आठवनी का?” असं विचारून पाहा. ती बोलू लागली की ऐका. “गाय कोणत्या साली घेतली?” असले प्रश्न टाळा. आठवणीला ताण देणाऱ्या प्रश्नापेक्षा हातातली वस्तू बरी. भरिताचं वांगं द्या, सोललेला लसूण द्या, कळण्याच्या पिठाचा गोळा द्या. पराट्यांवर वांगी कशी भाजायची हे तिला शब्दांत सांगता येणार नाही कदाचित, पण हातांना ते बऱ्याचदा माहीत असतं. कानबाईचे रोट, आखाजीचा झोका हेही विषय काढा. एखादा विषय काढून ती कष्टी झाली, तर तो सोडून द्या.

तरीही निघायचंच म्हणाली तर अडवू नका. चपला घालून कोपऱ्यापर्यंत सोबत जाऊन या. अंधार पडू लागल्यावर गोंधळ वाढतो, म्हणून घरातले दिवे त्याआधीच लावा आणि चहा-फराळ साडेचारच्या सुमाराला उरका. हे सगळं करूनही काही संध्याकाळी ती ऐकणार नाही. तुमचा आवाज चढतोय असं वाटलं, की पत्नीला किंवा भावाला बसवून तुम्ही बाहेर पडा. वाक्यांचा अर्थ निसटला तरी चढलेला आवाज तिला कळतो. अशा बोलण्याने आजार मात्र थांबत नाही, तिची भीती कमी होते.

एक गोष्ट वेगळी ओळखा. दोन-तीन दिवसांत अचानक बोलणं विस्कटलं, ती सुस्त झाली किंवा नसलेलं दिसू लागलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी यांनीही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्याच भेटीत कानही तपासून घ्या. कानात मळ साठला असेल, तर तुमचं सगळ्यात सोपं वाक्यही तिच्यापर्यंत पोहोचत नसेल.