५/६ + ३/१० : फोटोतल्या कृतिपत्रिकेतली एक बेरीज

काटोलकडच्या पालकांकडून कृतिपत्रिकेचा फोटो मोबाईलवर येतो आणि खाली प्रश्न असतो, "सर, हे बरोबर आहे का?" अशा फोटोत आधी उदाहरण नीट वाचून घ्यावं. कागद तिरपा धरला असेल तर ६ आणि ९ सारखेच दिसतात, आणि डावी कड कापली गेली तर पूर्णांकयुक्त अपूर्णांकातला पूर्णांकच गायब होतो. म्हणून उदाहरण वहीत पुन्हा लिहून घ्या.

समजा उदाहरण आहे ५/६ + ३/१०, आणि मुलाने उत्तर लिहिलंय ८/१६, म्हणजे १/२. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. लगेच चूक म्हणू नका. एवढंच विचारा, "५/६ हा अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?" मोठाच आहे. मग त्यात आणखी काही मिळवून अर्धा कसा उरेल? उत्तर चुकलंय हे मुलाला स्वतःलाच दिसतं.

आता तीस संत्री घ्या. आपल्या भागात हंगामात ती घरात असतातच, नसली तर चिंचोके चालतील. तीसच का? कारण ६ आणि १० या दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, म्हणजे लसावि, ३० आहे. तिसाचे सहा सारखे वाटे केले की एकात ५ संत्री, म्हणून पाच वाट्यांत २५. दहा वाटे केले की एकात ३, म्हणून तीन वाट्यांत ९.

५/६ = २५/३०
३/१० = ९/३०
२५/३० + ९/३० = ३४/३०

काही मुलं छेद ३० करतात, पण अंश तसेच ठेवून ५/३० + ३/३० लिहितात. त्यांना विचारा, "पाच वाट्यांत फक्त पाचच संत्री होती का?" छेदाला ज्या संख्येने गुणलं, तिनेच अंशाला गुणायचं, हे वाटे मोजताना आपोआप पटतं.

३४/३० ला २ ने भाग जातो, म्हणून १७/१५, म्हणजे १ पूर्णांक २/१५. लसावि घेतला की संक्षेप करावाच लागत नाही, असं पुष्कळ पालकांना वाटतं. तसं नाही. मात्र तपासणी सोपी होते: दिलेले दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील आणि छेद लसावि घेतला असेल, तर मूळ छेदांच्या मसावितलेच अवयव तपासायचे. ६ आणि १० यांचा मसावि २, म्हणून फक्त २ ने भाग जातो का ते पाहायचं. ३ आणि ५ बघायची गरजच नाही. १/४ + २/९ मध्ये मसावि १ आहे, म्हणून १७/३६ जसंच्या तसं अंतिम उत्तर.

कुणी ६ × १० करून ६० छेद घेतला तर ६८/६० येतं. तेही बरोबरच, खोडू नका. फक्त तिथे ४ ने भागावं लागतं, आणि मुलं बहुधा एकदा २ ने भागून ३४/३० वरच थांबतात.